इमर्जन्सी सोडली आणि पट्टा आपोआप सुटला: पीएलसीवरच्या स्टार्ट-स्टॉप सर्किटचं एक प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शोभेल अशी एक लहान फौंड्री डोळ्यासमोर आणा. साच्यातून सुटलेली वाळू परत मिक्सरकडे नेणारा पट्टा आहे, त्याला 5 एचपीची, म्हणजे 3.7 किलोवॅटची थ्री फेज मोटर आहे. इतकी वर्षं ती मोटर थेट लाइनवर टाकणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरवर चालत होती. आता सँड प्लांटला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर, बसवायचा म्हणून उद्यमनगरातून नवा पॅनेल बांधून आला आणि स्टार्ट-स्टॉपचं सर्किट प्रोग्रॅममध्ये गेलं. कारखाना नमुन्याचा आहे, पण ही चूक नवशिक्यांच्या पॅनेलमध्ये नेहमी सापडते.

चाचणीत सगळं नीट वाटलं. हिरवं बटन दाबलं, पट्टा सुटला. बोट काढलं तरी चालू राहिला. लाल बटन दाबलं, थांबला. पुन्हा चालू करून इमर्जन्सीचं मशरूम बटन ठोकलं, तेव्हाही थांबला. मग कुणीतरी मशरूम फिरवून सोडलं आणि पट्टा कुणीही स्टार्ट न दाबता धावायला लागला.

पट्ट्याच्या शेपटीकडच्या रोलरपाशी वाळू खरवडायला माणूस बसतो. इमर्जन्सी दाबून तो तिथे हात घालणार आणि दुसरा कुणी "बटन का दाबून ठेवलंय रे?" म्हणत ते सोडणार, हे कुठल्याही शिफ्टमध्ये घडू शकतं. इमर्जन्सी सोडल्याने मशीन सुरू होता कामा नये, फक्त सुरू करायला परवानगी मिळावी, हा नियम आयएसओ 13850 या मानकातही स्पष्ट आहे. मग इथे तो मोडला कसा?

जुन्या स्टार्टरमध्ये हे का होत नव्हतं

जुन्या सर्किटमध्ये 230 व्होल्टची एकच वाट होती. फेज फ्यूजमधून इमर्जन्सीच्या एनसी, म्हणजे एरवी मिटलेल्या, कॉन्टॅक्टला, तिथून स्टॉपच्या एनसीला, मग स्टार्टच्या एनओला, म्हणजे एरवी उघड्या कॉन्टॅक्टला, ओव्हरलोड रिलेच्या 95-96 मधून कॉन्टॅक्टरच्या A1 ला, आणि A2 न्यूट्रलला. स्टार्टला समांतर जोडलेला होता कॉन्टॅक्टरचाच 13-14 हा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्टरने ओढलं की 13-14 मिटतो आणि स्टार्टवरचं बोट निघालं तरी कॉइलला करंट मिळत राहतो. यालाच सील-इन किंवा होल्डिंग म्हणतात.

या होल्डिंगचं सगळं बळ एका गोष्टीत आहे: ते कॉन्टॅक्टरच्या अंगावर आहे. इमर्जन्सी दाबा, ओव्हरलोड ट्रिप होऊ द्या, लाइट जाऊ द्या, कारण काहीही असो, कॉइल सुटली की 13-14 उघडतो. मग वाट पुन्हा मिटली तरी करंटला पुढे जायला रस्ता नसतो. स्टार्ट दाबल्याशिवाय मोटर सुरू होणं शक्यच नाही. त्या तीन-चार तारांमध्ये एवढी अक्कल भरलेली आहे हे पॅनेल बदलताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

नव्या पॅनेलमध्ये काय जोडलं होतं

पीएलसी 24 व्होल्ट डीसीचा, आउटपुट रिले प्रकारचे. स्टार्ट बटनाचा एनओ कॉन्टॅक्ट I0.0 ला, स्टॉपचा एनसी I0.1 ला. आउटपुट Q0.0 एका 24 व्होल्टच्या मधल्या रिलेला आणि त्या रिलेचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या 230 व्होल्ट कॉइलला. हा मधला रिले फालतू खर्च नाही. कॉइल सुटताना जो झटका बसतो तो पीएलसीच्या आतल्या छोट्या रिलेऐवजी सॉकेटमधून काढून बदलता येणाऱ्या रिलेवर जातो.

इमर्जन्सीचा एनसी आणि ओव्हरलोडचा 95-96 हे दोन्ही कॉइलच्या 230 व्होल्टच्या वाटेतच ठेवले होते. हे बरोबरच केलं. साधा पीएलसी हा सुरक्षेचं उपकरण नाही. त्याचा आउटपुट रिले चिकटू शकतो, प्रोग्रॅममध्ये चूक असू शकते. म्हणून इमर्जन्सीने कॉइलचा करंट थेट तोडला पाहिजे, पीएलसीची मर्जी न विचारता.

लॅडर या चित्रभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम मात्र एवढाच होता:

```
|    I0.0        I0.1        Q0.0  |
|-+--] [--+------] [---------( )---|
| |  Q0.0 |
| +--] [--+
```

स्टॉपला उघडं चिन्ह का

पुढे जाण्याआधी I0.1 पाशी थांबायला हवं, कारण नवशिका इथेच सगळ्यात जास्त अडखळतो. स्टॉपचं बटन एनसी आहे, मग लॅडरमध्येही तिरकी रेघ असलेलं `]/[` हे चिन्ह यायला नको का?

नको. लॅडरमधलं चिन्ह बटनाचा प्रकार सांगत नाही. `] [` एवढंच विचारतं की या इनपुटवर आत्ता 24 व्होल्ट आहेत का. आहेत तर रस्ता मोकळा. `]/[` उलटं विचारतं: व्होल्ट नाहीत ना? नसले तर रस्ता मोकळा. एनसी स्टॉपला कुणी हात लावलेला नसताना तारेतून 24 व्होल्ट येतच असतात, I0.1 चा दिवा पेटलेला असतो आणि `] [` मधून रस्ता मोकळा राहतो. बटन दाबलं की व्होल्ट जातात आणि रस्ता तुटतो. आपल्याला तेच हवं आहे.

इथे गल्लत झाली की होतं असं. एनसी बटन पाहून `]/[` टाकलं जातं आणि मोटर सुरूच होत नाही. फार तर स्टॉप दाबून धरून स्टार्ट दाबलं तर सुरू होते. मग प्रोग्रॅम बदलायचा सोडून वायरमन बटनाचा ब्लॉक काढून एनओ बसवतो. झालं, मोटर आता शहाण्यासारखी चालते, स्टॉपने थांबतेही. दोन्ही प्रकारच्या जोडणीत रोजचं वागणं हुबेहूब सारखं दिसतं. फरक कळतो तो बटनापासून पॅनेलपर्यंतची तार तुटते त्या दिवशी. एनसी जोडणीत तार तुटणं म्हणजे स्टॉप दाबल्यासारखंच, मोटर थांबते. एनओ जोडणीत तार तुटली तर कुणाला पत्ताही लागत नाही. मोटर चालूच राहते आणि लाल बटन कितीही दाबा, काही घडत नाही. फौंड्रीत केबल गरम कास्टिंगला टेकते, ट्रॉलीखाली जाते, उंदीर असतातच. थांबवणारी प्रत्येक तार व्होल्ट असताना 'ठीक आहे' म्हणणारी हवी.

या पॅनेलमध्ये हा भाग बिनचूक होता. चूक त्याच्या खालच्या ओळीत होती.

होल्डिंग हललं कुठे

Q0.0 चा तो समांतर कॉन्टॅक्ट बघा. जुन्या सर्किटमधल्या 13-14 च्या जागी तो आला आहे, दिसायलाही तसाच आहे. पण 13-14 हा धातूचा तुकडा होता, कॉन्टॅक्टरबरोबर हलणारा. Q0.0 ही पीएलसीच्या मेमरीतली एक बिट आहे. कॉन्टॅक्टर ओढलेला आहे की सुटलेला, याची तिला काहीच खबर नाही.

पीएलसी दर काही मिलिसेकंदांनी एक फेरी मारतो: इनपुट वाचतो, लॅडरचे रंग, म्हणजे आडव्या पायऱ्या, वरून खाली सोडवतो, आउटपुट लिहितो. पट्टा चालू असताना I0.1 वर व्होल्ट आहेत आणि Q0.0 एक आहे. आता इमर्जन्सी दाबली. कॉइलचा करंट तुटला, कॉन्टॅक्टर सुटला, पट्टा थांबला. पीएलसीच्या पुढच्या फेरीत काय बदललं? काहीच नाही. I0.1 तसाच, Q0.0 तसाच. Q0.0 स्वतःच्याच आधारावर एक राहते, मधला रिले ओढलेलाच राहतो. पॅनेल उघडून पाहिलं तर पट्टा थांबलेला असताना Q0.0 चा दिवा पेटलेला दिसेल. दोष ओळखायची हीच खूण आहे. आता मशरूम सोडलं की 230 व्होल्टची वाट पूर्ण होते आणि कॉन्टॅक्टर लगेच ओढतो.

म्हणजे सर्किटमधली करंट तोडण्याची जागा पॅनेलमध्येच राहिली आणि आठवण ठेवण्याची जागा मात्र प्रोग्रॅममध्ये गेली. दोघांची गाठ तुटली.

इमर्जन्सी हे याचं फक्त पहिलं रूप. ओव्हरलोड रिले ऑटो रिसेटवर ठेवला असेल तर पट्टा अडकून तो ट्रिप होतो, बायमेटल थंड झालं की 95-96 मिटतो आणि मोटर कुणाला न विचारता पुन्हा सुटते. तिसरं रूप आपल्याकडे जास्त भेटतं. लाइटीचा क्षणभराचा झोल येतो. पीएलसीचा 24 व्होल्टचा सप्लाय कपॅसिटरच्या जोरावर तो झोल पचवतो, कॉन्टॅक्टर पचवत नाही. दिवे लुकलुकतात, कॉन्टॅक्टर सुटतो आणि पुन्हा ओढतो. पीएलसीला यूपीएस दिलेला असेल तर दहा मिनिटं लाइट जाऊन आली तरी हेच होणार.

अर्धा उपाय

पहिला उपाय सहज सुचतो. इमर्जन्सीच्या बटनाला मागून दुसरा एनसी ब्लॉक लावायचा. पहिला ब्लॉक कॉइलचा 230 व्होल्टचा करंट तोडत राहील, दुसऱ्यातून 24 व्होल्ट I0.2 ला द्यायचे आणि `] [` चिन्हाने रंगमध्ये I0.1 च्या पुढे ओळीत टाकायचे. आता इमर्जन्सी दाबली की पीएलसीलाही कळतं, Q0.0 शून्य होते आणि बटन सोडलं तरी शून्यच राहते.

हे करायलाच हवं, पण एवढ्यावर थांबू नये. ओव्हरलोड आणि लाइटीचा झोल या दोन्ही वाटा अजून उघड्याच आहेत. प्रत्येक कारणासाठी वेगळा इनपुट जोडत बसण्यापेक्षा पीएलसीला एकच प्रश्न विचारता आला पाहिजे: कॉन्टॅक्टर खरंच ओढलेला आहे का?

13-14 परत आणा

कॉन्टॅक्टरचा 13-14 नव्या पॅनेलमध्ये रिकामा पडला होता. त्यातून 24 व्होल्ट I0.3 ला दिले. मात्र स्टार्टला समांतर नुसता I0.3 टाकू नका. कॉन्टॅक्टर वेल्ड झाला, म्हणजे त्याचे पॉवर कॉन्टॅक्ट चिकटून बसले, तर 13-14 ही मिटलेला राहू शकतो. तेव्हा स्टॉप दाबून सोडला की I0.3 च्या जोरावर Q0.0 पुन्हा एक होते. म्हणून समांतर फांदीत Q0.0 आणि I0.3 दोन्ही एकापुढे एक ठेवायचे:

```
|    I0.0              I0.1    I0.2    Q0.0  |
|-+--] [------------+--] [-----] [-----( )---|
| |  Q0.0    I0.3   |
| +--] [-----] [----+
```

आता ही फांदी म्हणते, मी चालू करायला सांगितलं होतं आणि कॉन्टॅक्टर अजून ओढलेला आहे, तरच मी धरून ठेवीन. इमर्जन्सी, ओव्हरलोड, झोल, कॉइलची तार निघणं, कशानेही कॉन्टॅक्टर सुटला की I0.3 जातो, पुढच्या फेरीत Q0.0 जाते. 95-96 साठी पीएलसीचा वेगळा इनपुट लागतच नाही. तरीही ओव्हरलोडची कळी मॅन्युअल रिसेटवरच ठेवा. ट्रिप का झाला हे पाहायला कुणीतरी पॅनेलपाशी यायलाच हवं. रिलेचं सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटवर; या आकाराच्या मोटरला तो साधारण साडेसात अँपिअर असतो, पण पाटी वाचूनच लावा.

स्टार्ट दाबल्यावर कॉन्टॅक्टर ओढून I0.3 येईपर्यंत थोडा वेळ जातो: मधला रिले, कॉन्टॅक्टरची ओढ, इनपुटचा फिल्टर, एक-दोन फेऱ्या. सगळं मिळून काही दशक मिलिसेकंद. माणसाचं बोट त्याहून जास्त वेळ बटनावर असतं, त्यामुळे अडचण येत नाही. पण स्टार्ट दाबून धरलं तेवढाच वेळ पट्टा चालतो आणि सोडलं की थांबतो असं दिसलं, तर प्रोग्रॅमला हात लावू नका. I0.3 चा दिवा बघा. 13-14 ची तार ढिली असेल, 21-22 या एनसी टर्मिनलला चुकून जोडली असेल, किंवा फौंड्रीच्या धुळीने कॉन्टॅक्ट मळला असेल.

वेल्ड झालेला कॉन्टॅक्टर ओळखायलाही हाच I0.3 उपयोगी पडतो. Q0.0 शून्य असूनही I0.3 अर्धा सेकंद एकच राहिला तर Q0.1 वरचा दिवा लावायचा. टायमर एवढ्यासाठी, की कॉन्टॅक्टर सुटायलाही थोडा वेळ घेतो.

```
|  Q0.0    I0.3                   Q0.1  |
|--]/[-----] [----[TON 0.5 s]-----( )---|
```

अडकलेलं स्टार्ट बटन

वाळूच्या धुळीत हिरवं बटन आत अडकून बसणं ही कल्पना नाही, रोजची गोष्ट आहे. तसं झालं तर वरच्या सगळ्या दुरुस्तीनंतरही इमर्जन्सी सोडताच पट्टा सुटेल, कारण पीएलसीच्या लेखी कुणीतरी स्टार्ट दाबूनच उभं आहे. यासाठी आधी एक 'तयार' बिट बनवायची:

```
|    I0.0        I0.1    I0.2    M0.0  |
|-+--]/[--+------] [-----] [-----( )---|
| |  M0.0 |
| +--] [--+

|    I0.0              M0.0      Q0.0  |
|-+--] [------------+--] [-------( )---|
| |  Q0.0    I0.3   |
| +--] [-----] [----+
```

पहिला रंगही होल्डिंगच आहे, फक्त त्याचं 'स्टार्ट' म्हणजे स्टार्ट बटन सुटलेलं असणं. स्टॉप आणि इमर्जन्सी दोन्ही ठीक असताना हिरवं बटन एकदा तरी सुटलेलं दिसलं, तरच M0.0 येते. त्यानंतर बटन दाबलं तरी ती टिकते. स्टॉप किंवा इमर्जन्सीने ती गेली की पुन्हा तीच अट. अडकलेल्या बटनावर ती येणारच नाही. एक फट मात्र उरते: बटन अडकलेलं असताना पट्टा चालूच असेल आणि लाइटीचा झोल आला किंवा ट्रिप झालेला ओव्हरलोड रिसेट केला, तर M0.0 पडत नाही आणि मोटर पुन्हा ओढते. त्याला उपाय प्रोग्रॅममध्ये शोधण्यापेक्षा धूळ आत न जाणारं, रबरी टोपीचं बटन लावणं स्वस्त पडतं.

M0.0 रिटेन्टिव्ह, म्हणजे लाइट गेली तरी आठवण टिकवणाऱ्या, भागात नाही ना, हे पीएलसीच्या सेटिंगमध्ये तपासा. याच कारणासाठी मोटर चालू ठेवायला सेट-रिसेट कॉइल वापरू नये. तिची बिट रिटेन्टिव्ह निघाली तर रात्री गेलेली लाइट सकाळी आल्यावर पट्टा आपला आपण सुरू होईल. साधी कॉइल आणि होल्डिंग असेल तर ती भीती राहत नाही.

पॅनेल ताब्यात घेताना

पट्ट्याजवळ कुणी नाही याची खात्री करून आणि पॅनेलपाशी एक माणूस उभा ठेवून या चाचण्या करा. मोटर बंद असताना I0.1 आणि I0.2 चे दिवे पेटलेले हवेत, I0.0 आणि I0.3 चे विझलेले. मग पट्टा चालू करून पुढची कृती एकेक करून करायची, आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी बघायच्या: पट्टा थांबला का, आणि कारण दूर केल्यावर तो थांबलेलाच राहिला का. आधी इमर्जन्सी दाबून सोडा. मग ओव्हरलोडचं टेस्ट बटन दाबून रिसेट करा. मग फक्त कंट्रोल सर्किटची 230 व्होल्टची एमसीबी पाडून पुन्हा चढवा, पीएलसीचा सप्लाय चालू ठेवून. ही चाचणी बहुतेक जण मुख्य स्विच पाडून करतात. त्याने पीएलसीही बंद होतो आणि दोष झाकला जातो. शेवटी स्टॉपची 24 व्होल्टची तार टर्मिनलमधून सोडवा; पट्टा थांबलाच पाहिजे. अडकलेल्या बटनाची चाचणी वेगळी: इमर्जन्सी दाबलेली असताना स्टार्ट दाबून धरा आणि तसंच धरून इमर्जन्सी सोडा. पट्टा हलता कामा नये.

एवढं करूनही हे सर्किट एकाच कॉन्टॅक्टरवर उभं आहे. तो वेल्ड झाला तर इमर्जन्सी कॉइल सोडवेल, मोटर थांबणार नाही, Q0.1 चा दिवा फार तर सांगेल. जिथे माणसाचा हात पट्ट्याजवळ जातोच, तिथे जोखीम तपासून सेफ्टी रिले आणि ओळीत दोन कॉन्टॅक्टर लावावे लागतात. आणि रोलर खरवडायला बसण्यापूर्वी मशरूम दाबणं पुरेसं नाही. आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली खरवडणाऱ्याच्याच खिशात ठेवायची.